सायफन: शेवटचं टोक खाली नेलं तरी पाणी का वाढत नाही, आणि माथ्यावर धार का तुटते

प्रश्न: सिन्नरच्या बाजूला शेततळं आहे. भरावावरून ६३ मिमीचा काळा एचडीपीई पाइप टाकून सायफन केलाय. सध्या पाण्यापासून भरावाचा माथा साडेपाच मीटर वर आहे. आधी पाइप १०० मीटर होता आणि शेवटचं टोक तळ्यातल्या पाण्यापेक्षा ६ मीटर खाली, तेव्हा बरं चालायचं. जोर वाढावा म्हणून ३० मीटर पाइप वाढवून टोक १४ मीटर खाली नेलं. आता सकाळी चालू केलं तर अर्धा तास जोरात येतं, मग माथ्यावर खडखड आवाज येऊन धार तुटते. दुपारी तर लगेचच तुटते. सगळे म्हणतात सायफनची लिमिट १० मीटर, माझा माथा तर साडेपाचच आहे. मग अडतंय कुठं?

उत्तर:

दादा, ती १० मीटरची लिमिट उभ्या, न वाहणाऱ्या पाण्याची आहे, तीही समुद्रसपाटीला, म्हणजे आपल्या कामाची नाहीच. वाहत्या पाण्याचा हिशोब वेगळा असतो आणि तुम्ही टोक खाली नेऊन तोच हिशोब बिघडवलाय. मी पंचवीसेक वर्षं लिफ्टच्या आणि सायफनच्या लाइनी टाकतोय, तुमच्यासारखी लाइन दर उन्हाळ्यात एक तरी बघायला मिळते, आणि प्रत्येक वेळी मालकाचं म्हणणं एकच, खाली नेलं तर जोर वाढायला पाहिजे ना. वाढतो की. वाढतो म्हणूनच तुटतो.

आधी माथ्यावर काय चाललंय ते बघू. तळ्यातल्या पाण्यावर हवेचा दाब आहे, तो पाण्याला पाइपात वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब साधारण १०.३ मीटर पाण्याच्या स्तंभाएवढा. तुमच्याकडे उंची साडेसहाशे मीटरच्या आसपास धरली तर तो ९.६ मीटरच भरतो (महाबळेश्वरला तर पावणेनऊच्या आसपास येईल). हे ९.६ म्हणजे तुमच्या खिशातले पैसे समजा, तळ्यापासून माथ्यापर्यंतचा सगळा खर्च यातूनच भागवायचा, खालच्या टोकाचा उतार कितीही असला तरी तिथून उसने मिळत नाहीत. पहिला खर्च चढाचा, साडेपाच मीटर सरळ गेले. दुसरा खर्च फुटव्हॉलच्या जाळीतून आणि पाइपाच्या घर्षणातून जाण्याचा. तिसरा खर्च, जो लोक विसरतात, पाण्याला मुळात वेग देण्याचा. हे सगळं वजा करून माथ्यावर जे उरतं तो तिथला खरा दाब.

हा उरलेला दाब पाण्याच्या वाफदाबाइतका झाला की पाणी तिथंच उकळायला लागतं, गरम न करता. पाणी ३० डिग्रीला असेल तर हा वाफदाब साधारण ०.४३ मीटर, ४० डिग्रीला ०.७५ मीटर. ही झाली भौतिकशास्त्राची भिंत, तिच्यापलीकडे साधं पाणी जात नाही. (२०१५ साली इंग्लंडात नॉटिंगहॅमला संशोधकांनी पाण्यातली हवा पूर्ण काढून घेऊन १५ मीटर उंचीचा सायफन चालवून दाखवला होता, पण ते प्रयोगशाळेतलं पाणी, शेततळ्यातलं शेवाळी पाणी नव्हे.)

पण प्रत्यक्षात त्या भिंतीपर्यंत जायच्या खूप आधीच सायफन बिघडतो, कारण पाण्यात विरघळलेली हवा. उघड्या तळ्यातल्या एका लिटर पाण्यात ढोबळ १५ ते २० मिली हवा विरघळलेली असते, डोळ्याला दिसत नाही. दाब चौथ्या हिश्शावर आला की त्यातली बरीचशी बाहेर पडू बघते, वर कमी दाबामुळे तीच हवा चौपट फुगते. सगळी काही लगेच सुटत नाही, माथ्यावरून पाणी जायला काही सेकंदच लागतात, पण थोडी थोडी सुटून माथ्यावर गोळा होत राहते. सकाळचा तुमचा अर्धा तास म्हणजे हाच वेळ, बुडबुडा मोठा होत होत पाइपाचं तोंड अडवेपर्यंतचा. म्हणून मी माथ्यावर निदान अडीच मीटर दाब शिल्लक राहील असंच डिझाइन धरतो. तुमच्या गावाच्या उंचीला म्हणजे माथ्यावरची ओढ ७ मीटरच्या पुढं जाऊ द्यायची नाही. ओढ म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा आत दाब किती कमी आहे ते.

आता तुमच्याच लाइनचा हिशोब करू. ६३ चा पाइप आतून ५४ मिमी धरतो, तळ्यापासून माथ्यापर्यंत २० मीटर पाइप, जाळी स्वच्छ. लांबी तुम्ही टेपनं मोजून घ्या, पण आकडे फार हलणार नाहीत.

सायफनचा एकूण प्रवाह ठरतो तो तळ्याची पाण्याची पातळी आणि खालचं टोक यातल्या फरकावर. हा सगळा फरक जाळी, घर्षण, बेंड आणि शेवटी बाहेर पडताना वेगात खर्च होतो. माथा किती उंच आहे याचा प्रवाहाशी संबंध नाही, जोवर धार अखंड आहे तोवर. तुमच्या जुन्या लाइनीत ६ मीटरचा फरक आणि १०० मीटर पाइप, तर वेग सेकंदाला साधारण १.७ मीटर येतो, पाणी ३.९ लिटर सेकंदाला, म्हणजे तासाला १४ हजार लिटर. माथ्यापर्यंत पोचताना घर्षण, जाळी आणि वेग मिळून १.६५ मीटर खर्च. चढाचे साडेपाच धरून ओढ ७.१५ मीटर, शिल्लक २.४५. म्हणजे जुनी लाइन अगदी काठावर होती, मर्यादेच्या केसभरच पलीकडे. म्हणूनच बरं चालायचं.

नवीन लाइन बघा. फरक १४ मीटर, पाइप १३० मीटर. वेग २.३ मीटरला गेला, पाणी ५.२ लिटर सेकंदाला. फरक दुपटीच्या वर नेला आणि पाणी वाढलं फक्त तिसऱ्या हिश्शानं, कारण घर्षण वेगाच्या वर्गानं वाढतं आणि पाइपही लांब झाला. पण तोच वर्ग माथ्यावर येऊन बसतो. माथ्यापर्यंतचा खर्च १.६५ वरून ३.०३ मीटरवर गेला, ओढ ८.५ च्या वर, शिल्लक फक्त १.०७ मीटर. वाफदाबाच्या वर आहे हो, म्हणून सकाळी चालू होतं, पण हवा भसाभसा सुटते आणि अर्ध्या तासात खेळ खलास.

दुपारी लगेच का तुटतं तेही यातच आहे. काळा पाइप उन्हात पाणी भरून पडलेला असतो, आतलं पाणी सहज ५० डिग्रीला जातं, आणि ५० डिग्रीला वाफदाब १.२६ मीटर. तुमची शिल्लक १.०७. म्हणजे कॉक उघडल्यावर ते तापलेलं पाणी माथ्यावरून जाताना अक्षरशः उकळतं. तळ्यातलं थंड पाणी मागून यायच्या आत धार तुटलेली असते.

आणि जाळी थोडी शेवाळली तर? स्वच्छ फुटव्हॉलपेक्षा चौपट अडथळा झाला असं धरून मी हिशोब केला, नवीन लाइनीत ओढ ९.९ मीटर मागते. खिशात आहेत ९.६. म्हणजे पूर्ण उघड्या कॉकवर ती लाइन चालूच शकत नाही. फुटव्हॉलला आमच्याकडे सगळे फुटबॉलच म्हणतात, आणि तो पाण्यात असल्यामुळे कुणी बघत नाही, सायफन मात्र निम्म्या वेळा तिथंच मरतो. जाळीवर एक मोठी प्लास्टिकची क्रेट उलटी बांधून ठेवा, शेवाळ क्रेटवर अडकेल, जाळीवर नाही.

मग करायचं काय. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे खालच्या टोकाला बॉल व्हॉल्व्ह लावून तो अर्धवट बंद ठेवणे. टोकाला अडवलं की अख्ख्या पाइपातला वेग कमी होतो, माथ्यापर्यंतचा खर्च कमी होतो, माथ्यावर दाब परत येतो. जास्तीची ओढ त्या कॉकमध्ये मरते, आणि तिथं ती मेली तरी काही बिघडत नाही. पण हाच कॉक कुणी तळ्याकडच्या बाजूला बसवला तर उलटं होणार, कारण तिथला प्रत्येक अडथळा माथ्याच्या आधीचा खर्च आहे, तो सरळ तुमच्या ९.६ मधून जातो. पाणी कमी होईल आणि धारही तुटेल, दोन्ही. एकाकडे मी बघितलंय, पंपाच्या सवयीनं कॉक चढाच्या बाजूला बसवला होता, हाताशी बरा म्हणून. आठवडाभर फिटर येऊन जॉइंट काढघाल करत होता. आम्ही तो कॉक पूर्ण उघडा करून खाली दुसरा बसवला, त्याच दिवशी लाइन चालली.

ओढ ७ मीटरवर धरायची तर तुमच्या लाइनीत माथ्यापर्यंत खर्चायला उरतात दीड मीटर, त्यात वेग १.६ बसतो आणि पाणी ३.७ लिटर सेकंदाला. आता हा आकडा जुन्या ३.९ शेजारी ठेवून बघा. टोक ८ मीटर खाली नेलं, ३० मीटर पाइपाचे पैसे घातले, आणि सुरक्षित पाणी होतं तेवढंच, किंचित कमीच. तुमच्या लाइनीत प्रवाहाची लिमिट खालचा उतार ठरवतच नाहीये, ती ठरवतोय तळ्यापासून माथ्यापर्यंतचा तो २० मीटरचा तुकडा.

म्हणून जास्त पाणी खरंच हवं असेल तर पैसे त्या तुकड्यावर घाला. पहिले २० मीटर, माथ्याचा बेंड आणि माथा ओलांडून खाली उतरेपर्यंतचा भाग ९० मिमीचा करा, आतून साधारण ७८ मिमी. पुढं आहे तोच ६३ चा राहू द्या. रिड्युसर मात्र माथ्यावर लावू नका, माथ्यापेक्षा दोन-तीन मीटर खाली उतरल्यावर लावा, कारण पाइप बारीक झाला की वेग वाढतो, दाब पडतो, आणि तो पडायची जागा माथा असता कामा नये. असं केलं तर कॉक पूर्ण उघडा ठेवूनही पाणी ५.७ लिटर सेकंदाला येतं, तासाला वीस हजाराच्या वर, आणि माथ्यापर्यंतचा खर्च ०.६६ मीटर. ओढ ६.१६, शिल्लक साडेतीनच्या जवळ. तोच उतार, तोच खालचा पाइप.

तळं रिकामं होत जाईल तशी परिस्थिती अजून बदलते हे लक्षात ठेवा. पाणी एक मीटर उतरलं की माथा तुमच्यासाठी साडेसहा मीटरवर गेला. तेव्हा ६३ च्या लाइनीत ७ ची मर्यादा पाळायची तर फक्त २.१ लिटर मिळतं. ९० चा तुकडा असेल तर तेव्हाही पाचच्या आसपास. म्हणजे एकदा कॉकची जागा ठरवून खूण केली आणि विसरलो असं नाही, पाणी उतरेल तसा कॉक अजून थोडा आवळत न्यायचा.

दुसऱ्या बाजूनं, फार आवळूनही चालत नाही. माथ्यावर थोडी हवा सुटणारच, ती पाण्याबरोबर उताराला ओढली गेली पाहिजे. ५४ मिमीच्या पाइपात वेग ०.७ मीटरच्या खाली गेला की बुडबुडे खाली जायच्या ऐवजी वर चढून माथ्यावर परत येतात. तुमच्या पाइपाला म्हणजे दीड-पावणेदोन लिटरच्या खाली नेऊ नका. (९० च्या तुकड्याला ही वेगाची मर्यादा थोडी जास्त, ०.९ च्या आसपास. ५.७ लिटरला तिथं वेग १.२ येतो, चालून जातं.) शेवटचं टोकही हौदात किंवा ड्रममध्ये पाण्याखाली बुडवून ठेवा, नाहीतर प्रवाह कमी असताना तिकडूनही हवा वर चढते.

हे सगळं अंदाजानं करू नका, माथ्यावर टी टाकून व्हॅक्यूम गेज लावा. गेजवर आकडे पाऱ्याच्या मिमीमध्ये असतात, पाण्याचा १ मीटर म्हणजे ७३.५ मिमी. ७ मीटर ओढ म्हणजे ५१५, तिथं गेजच्या काचेवर पेननं लाल रेघ मारा. कॉक हळूहळू उघडत जायचं, काटा रेघेला आला की थांबायचं. पाणी किती येतंय ते २०० लिटरच्या ड्रमनं बघा. ३.७ लिटरला ड्रम ५४ सेकंदात भरतो, ५.७ ला ३५ सेकंदात.

गेजचा दुसरा फायदा, दुखणं कोणतं ते कळतं, कारण धार तुटली की सगळेच "हवा धरतो" म्हणतात आणि त्यात दोन वेगळी दुखणी असतात. खालचा कॉक पूर्ण बंद करा, तळ्याकडची बाजू पाण्यात असू द्या. पाणी थांबलं की घर्षण नाही, वेग नाही, काट्यानं फक्त चढ दाखवायला पाहिजे, साडेपाच मीटर म्हणजे ४०५ च्या आसपास. तासाभरानं परत बघा. काटा तिथंच असेल तर जॉइंट ठीक आहेत आणि दुखणं वर सांगितलेलं, ओढ जास्त झाल्याचं. काटा हळूहळू शून्याकडे पडत असेल तर बाहेरची हवा आत येतेय. तेव्हा माथ्याच्या आसपासचे कम्प्रेशन जॉइंट बघा, ते आतून दाब असताना घट्ट बसतात, पण आतून ओढ असली की त्यातला रबर बाहेरची हवा आत सोडतो. पंपाच्या लाइनीवर थेंबभर न गळणारा जॉइंट सायफनवर हवा ओढू शकतो, त्यामुळे बाहेर ओल दिसत नाही म्हणून तो चांगला असं धरू नका. माथ्याच्या दोन्ही बाजूंना गरम करून जोडलेला, म्हणजे बट वेल्डिंगचा जॉइंटच बरा.

गेज नसेल तर कान लावा. ओढ जास्त झाल्यानं वाफ आणि हवा सुटत असेल तर माथ्याजवळ पाइपात खडी फिरवल्यासारखा आवाज येतो, आणि खालचा कॉक थोडा आवळला की दहा-पंधरा सेकंदात आवाज थांबतो आणि धार भरीव होते. गळतीची हवा असेल तर कॉक आवळून फरक पडत नाही, बुडबुडे येतच राहतात. अजून एक, माथ्यावर हात फिरवून पाइप गोलच आहे ना बघा. पातळ भिंतीचा पाइप उन्हात मऊ होऊन ओढीनं चपटा होतो, आणि चपटा झाला की अडथळा नेमका माथ्यावर. लेफ्लॅटचा पाइप तर चढाच्या बाजूला कधीच वापरू नका, तो चिकटून बंद होतो.

भरावाचा माथा रुंद असेल आणि पाइप त्यावर सपाट दहा-बारा मीटर जात असेल तर सगळ्यात कमी दाब चढ संपतो तिथं नसतो. सपाटीवर उंची कमी होत नाही पण घर्षणाचा खर्च चालू राहतो, म्हणून दाब सपाटीच्या पलीकडच्या टोकाला, जिथून उतार सुरू होतो तिथं, तळाला जातो. गेज तिथंच लावा. जमलं तर भरावात चर खणून पाइप अर्धा मीटर खाली बसवा, पण प्लास्टिकच्या अस्तराच्या आणि पाण्याच्या सर्वात वरच्या पातळीच्या वरच राहून, नाहीतर भराव धोक्यात. तो अर्धा मीटर सरळ तुमच्या शिल्लकेत जमा होतो. तुमच्या ६३ च्या लाइनीत ओढ ७ वरच ठेवून पाणी ३.७ वरून ४.३ च्या जवळ जाईल, फक्त कुदळीच्या कामावर.

चालू करताना: खालचा कॉक बंद, माथ्यावरच्या टीमधून पाणी भरत रहा, फुटव्हॉल तळ्याकडची बाजू धरून ठेवेल. दोन्ही बाजूंचे बुडबुडे येणं थांबेपर्यंत भरा, घाई करू नका, मग टीचा कॉक बंद करून टेफलॉन बघून घ्या. खालचा कॉक आधी चौथाई उघडा आणि पाइपातलं तापलेलं पाणी सगळं निघून जाऊ द्या. तुमच्या १३० मीटर पाइपात साधारण ३०० लिटर पाणी असतं, म्हणजे चौथाई कॉकवर दोन-तीन मिनिटं. धार हाताला गार लागली की मग लाल रेघेपर्यंत उघडा.

आणि तळ्याचं पाणी माथ्यापासून ७ मीटरच्या खाली गेलं की मग ६३ असो नाहीतर ९०, सायफनचा नाद सोडा, तिथून पुढं तळाचं पाणी काढायला छोटा पंपच लावा.